बाकी तिकिटामागे लिहिली आहे

(आगारातल्या निरोप समारंभात सत्काराला दिलेलं उत्तर, ३१ मे २०२५)

आदरणीय आगार व्यवस्थापक साहेब, वाहतूक नियंत्रक, कार्यशाळेतले सगळे मेकॅनिक बंधू, चालक-वाहक मित्र आणि भगिनी, आणि आमच्या घरून आलेली मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

माईक हातात घ्यायची सवय नाही. तीस वर्षं मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ‘तिकीट बोला’ म्हणत आलो, त्यामुळे तो जरा लांबच धरतो.

आधी एक गंमत सांगतो. माझी जन्मतारीख १ जून. ती आमच्या शाळेतल्या गुरुजींनी ठरवली. आईला विचाराल तर ती म्हणायची, तू आखाडात झालास, धो धो पाऊस होता. पण नोकरी गुरुजींच्या तारखेवर चालली, म्हणून आज ३१ मे रोजी मी अठ्ठावन्न पुरी करून घरी निघालो. एसटीचाही वाढदिवस १ जूनच. १९४८ साली त्या दिवशी पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली. उद्या इथं फुगे लागतील, ते माझ्यासाठी नसतील.

८ मे १९९५, सोमवार, या दिवशी मी रुजू झालो. म्हणजे तीस वर्षं आणि चोवीस दिवस झाले. त्या वेळी गळ्यात चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, त्यांची बेरीज डोक्यात, आणि स्टॉप आला की वेबिलात क्लोजिंग नंबर. कराड-चिपळूण गाडी कुंभार्ली घाटात वळणं घेत असताना एका पायानं सीटला अडकून उभं राहून आकडे लिहायचे. माझा आठ आणि माझा तीन यांत फरक करता येत नाही, असं रोकड शाखेतले अण्णा म्हणायचे. पहिल्याच दिवशी हिशेबात सतरा रुपये कमी आले. माझीच चूक होती. मल्हारपेठेला गर्दीत कुणाला तरी जास्तीचे परत दिले असणार. खिशातून भरले. घरी गेल्यावर हिला सांगितलं, तर ही म्हणाली, ‘अशी नोकरी केलीत तर आपल्यालाच तिकीट काढून कामावर जावं लागंल.’

तेव्हापासून मी सुट्ट्यांचा धसका घेतला. खरं सांगायचं तर माझी तीस वर्षं सुट्ट्या पैशांवरूनच मला आठवतात. बढती, इन्क्रिमेंट यांच्या तारखा मला सांगता येणार नाहीत, ऑर्डरी ट्रंकेत आहेत.

१९९६ ते २००१ मी बहुतेक मुक्कामी गाडीवर होतो. रात्री डोंगरातल्या शेवटच्या गावात जायचं, गाडी देवळापुढं लावायची, चालक तात्या गाडीत झोपायचे आणि मी देवळाच्या ओट्यावर. पहाटे पाच वाजता दुधाचे कॅन आणि डबे. आता पोरांना सांगितलं तर हसतात, पण कराडला शिकणाऱ्या मुलांचं जेवण आमच्या गाडीनं जायचं. पिशवीवर नाव लिहिलेलं, आत भाकरी, कालवण, एखाद्या दिवशी चिकट झालेली पुरणपोळी. कराड स्टँडवर पोरं वाट बघत उभी. कुणाचा डबा चुकून चिपळूणला गेला, तर ते पोर उपाशी राहायचं. एकदा तसं झालं. तो मुलगा संध्याकाळी परत स्टँडवर आला आणि म्हणाला, ‘मामा, डबा मोकळा तरी द्या, आईला परत पाठवायचाय.’ मी त्याला उपाहारगृहात नेऊन जेवू घातलं. पण तो मोकळा डबा मागणारा आवाज काही विसरत नाही.

याच वर्षांत मी तिकिटामागे बाकी लिहायला लागलो. नव्या पोरांनी हा प्रकार क्वचितच केला असेल. तिकीट सहा रुपयांचं, हातात दहाची नोट, सुट्टे नाहीत. मग तिकीट उलटं करून पेननं लिहायचं ‘चार बाकी’, खाली सही. उतरताना माणसानं मागायचे. मागितले नाहीत, तर आपण हाक मारायची. हा नियम मला तात्यांनी शिकवला. ‘प्रवासी विसरला तर विसरला, आपण विसरायचं नाही.’ तरी १९९८ च्या पावसाळ्यात एक म्हातारी हेळवाकला उतरून गेली. साडेचार रुपये बाकी. मी दार ओढलं, डबल बेल दिली, आणि पुढच्या वळणावर आठवलं. गाडी काही मागं घेता येईना. पुढं कित्येक वर्षं हेळवाक आलं, की मी खिडकीतून बघायचो. ती परत दिसली नाही, किंवा दिसली असेल आणि मला ओळखता आली नसेल. ते साडेचार रुपये माझ्याकडं आहेत.

२००२, २००३, २००४ या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ड्युटी केली, धाकटीचा जन्म झाला, घरावर पत्रा घातला.

२००५ चा जुलै मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. मुंबई बुडाली ती २६ तारीख. त्याच पावसात आमची गाडी घाटात दरड पडून अडकली. पुढं दगड-माती, मागं झाड. गाडीत एकोणतीस माणसं, त्यात एक बाळंतीण माहेरी निघालेली. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, ‘वाहक, आता तूच मालक.’ मुक्कामी गाडीची सवय कामी आली. कुणाकडं चिवडा होता, कुणाकडं केळी. बाळंतिणीला मागच्या लांब सीटवर झोपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘रात्रीच्या मुक्कामाचं तिकीट कितीचं?’ तिथं सगळे हसले. मीही हसलो, पण पाय थरथरत होते.

२०१० च्या सुमारास तिकीट मशीन हातात आलं. पहिला आठवडा मी त्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात क्लोजिंगचा हिशेब आपोआप होतोय म्हटल्यावर त्याच्या पाया पडलो. ट्रे गेला, पंच गेला, अण्णांची माझ्या अक्षराबद्दलची तक्रार गेली. तिकिटाची मागची बाजू मात्र कोरीच राहिली, त्यामुळं माझं लिहिणं चालू राहिलं. पुढच्याच वर्षी, ३० जून २०११ ला, पावली चलनातून गेली. तिला आधीपासूनच कुणी विचारत नव्हतं, तरी माझ्या बॅगेच्या तळाला अकरा पावल्या निघाल्या. त्या नातवाला खेळायला दिल्या.

२०१६ साल. २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, आणि आपल्या दोन गाड्या त्यात गेल्या. प्रवासी गेले, चालक-वाहक गेले. दुसऱ्या दिवशी आगारात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण सगळ्या गाड्या वेळेवर सुटल्या. त्यानंतर कोयनेच्या पुलावर गाडी आली, की मी नकळत पाण्याकडं बघतो. एवढंच सांगतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. सुरुवातीला एसटीत जुन्या नोटा चालत होत्या, ही बातमी लोकांना आमच्या आधी समजली. पंधरा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट! एकानं तर कराड ते विजयनगर एवढ्यासाठी हजाराची काढली. मी म्हणालो, ‘पाहुणं, एवढ्यात तुम्हाला गाडीचं चाक येईल.’ त्या दिवसांत तिकिटामागे चारशे पंच्याऐंशी बाकी असंही लिहिलं. आगारात येऊन सगळ्यांनी पैसे नेले, एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. हे सांगताना मला जरा अभिमान वाटतो, तो आज वाटू द्या.

२०२० मध्ये रस्ते रिकामे झाले. परराज्यातल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायच्या गाड्यांवर मी दोन वेळा गेलो. तिकीट नव्हतं, सुट्टे नव्हते, बोलणंही नव्हतं. नंतर मुंबईत बेस्टच्या मदतीला ड्युटी लागली. मला त्या शहरातला एकही स्टॉप माहीत नव्हता, प्रवासीच मला सांगायचे. बरं वाटलं.

२०२१ च्या जुलैमध्ये आपल्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. मुक्कामी गाडीवर असताना ज्यांच्या घरचा चहा प्यायलो, त्यांतली काही माणसं आता नाहीत. तिकडं चिपळूण पाण्यात होतं, आणि तिथले आगार व्यवस्थापक रोकड घेऊन एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. साहेब, तुम्ही असता तर तुम्हीही बसला असता, याबद्दल शंका नाही. पण टपावर चढायला तुम्हाला शिडी लागली असती.

मग संप. कोण बरोबर, कोण चूक हा विषय आज नको. या मांडवात दोन्हीकडची माणसं बसली आहेत आणि जेवण एकत्रच आहे. मी ते महिने शेजाऱ्याच्या आल्याच्या रानात रोजानं गेलो. आलं काढताना माती नखांत जाते, ती नोटा मोजून जात नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये परत गाडीवर चढलो, तेव्हा पहिल्या स्टॉपवर एक बाई म्हणाली, ‘आलासा व्हय? आता टायमात चला.’ कुणाच्या भाषणापेक्षा ते वाक्य जास्त लागलं.

त्याच ऑगस्टमध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आला, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पहिल्या दिवशी एक आजी चिडली. ‘अर्धं का? मी काय पोर हाय?’ समजावून सांगितल्यावर म्हणाली, ‘मग येताना पण बसते.’ खरंच संध्याकाळी परत आली, कराडला काही काम नव्हतं तिला.

आता यूपीआय आलं. पोरं मोबाइल पुढं करतात, टुंग वाजतं, बाकीचा प्रश्नच नाही. यंदा जानेवारीत भाडं वाढलं आणि एकेका रुपयावरून पुन्हा थोडे वाद झाले, पण ते माझ्या जुन्या वादांपुढं काहीच नव्हते.

आभार मानतो. तात्या, तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आज आलात. गेली तीस वर्षं पहाटे साडेतीनला उठून डबा करणारी मंडळी समोर बसली आहेत. त्यांना आजपासून सहापर्यंत झोपायची परवानगी आहे, आणि चहा मी करीन. चहा कसा होईल ते विचारू नका.

एकच काम उरलं. बिल्ला, मशीन सकाळीच जमा केलं. ही कापडी पिशवी माझी स्वतःची. आत एकाचे, दोनाचे, पाचाचे मिळून तीनशे चाळीस रुपये सुट्टे आहेत. आमच्या आगारात मागच्या महिन्यात रुजू झालेली वाहक ताई तिकडं शेवटच्या रांगेत बसली आहे, तिला ती देतो. ताई, पुढं ये. वेगळ्या पुडीत साडेचार रुपये बांधलेले आहेत, ते खर्चू नकोस, हेळवाकच्या देवळातल्या पेटीत टाक. बाकीचे तुझे. लाजू नको, इथंच उभी राहा आणि मोजून घे.