पाण्याची पाळी आणि पंचवीस पावले : शरीराच्या खासगी बचावाचा हक्क

प्रश्न (10 गुण)

जानेवारी 2025. रात्री दोन वाजता दत्तू उसाला पाणी देत होता. पाळीवरून जुना वाद असलेला शेजारी गणपत कोयता उगारून बांधावरून धावून आला. पहिला वार दत्तूच्या दंडाला चाटून गेला. दत्तूने हातातल्या फावड्याचा दांडा गणपतच्या मनगटावर हाणला. हाड मोडले, कोयता चिखलात पडला. गणपत पळाला. दत्तूने कोयता उचलून पंचवीस पावले त्याचा पाठलाग केला आणि सरीत अडखळून पालथ्या पडलेल्या गणपतच्या मानेवर दोन घाव घातले. गणपत जागीच मेला. दत्तूला खासगी बचावाचा हक्क मिळेल का?

उत्तर

घटना एकाच रात्रीची असली तरी कायद्याच्या नजरेत तिचे दोन तुकडे पडतात.

मनगटावरच्या फटक्याबद्दल फारसा वाद नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती होती, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 38 प्रमाणे हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोहोचत होता. तोच दांडा डोक्यात बसून गणपत मेला असता, तरी दत्तू सुटला असता. अंगावर कोयता येत असताना कोणी फटका सोन्याच्या तराजूत तोलत नाही, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे. रानात, रात्री दोनला पोलिसांकडे जायला सवडही नव्हती. त्यामुळे कलम 37 आड येत नाही.

कोयता दत्तूच्या हाती आला आणि गणपतने पाठ फिरवली, तिथे चित्र पालटले. कलम 40 नुसार धोक्याची भीती असेपर्यंतच हक्क टिकतो. जय देव वि. पंजाब राज्य (1963) मध्येही पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना बचावाचे संरक्षण मिळाले नव्हते.

इथे बहुतेक विद्यार्थी डोळे झाकून खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम 101 चा अपवाद 2 लिहितात आणि गुण घालवतात. त्या अपवादाला हक्क जिवंत असावा लागतो, तो वापरताना सद्भावनेने मर्यादा ओलांडलेली असावी लागते, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसावा लागतो. पालथ्या पडलेल्या, मनगट मोडलेल्या माणसाच्या मानेवर दोन घाव यात बसत नाहीत. गणपतने उलटून दगड उचलला असता आणि दत्तूने एकाऐवजी चार घाव घातले असते, तर अपवाद 2 चा विचार करता आला असता.

दत्तूला खरा आधार अपवाद 1 चा : गंभीर व आकस्मिक चिथावणी. दंडातून रक्त गळत होते, हल्ला आणि घाव यांत काही क्षणांचेच अंतर होते. भान सुटले होते असे म्हणायला जागा आहे. अचानक झालेल्या भांडणाचा अपवाद 4 मात्र लागू नये, कारण पडलेल्यावर वार करणे म्हणजे गैरफायदा घेणे.

अपवाद सिद्ध करायचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 नुसार दत्तूवर, पण त्याला संभाव्यतेचे पारडे आपल्याकडे झुकवले तरी पुरते. दंडावरच्या जखमेचे वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच्या कामी येईल.

निष्कर्ष : मनगटाच्या दुखापतीबद्दल गुन्हा नाही. मृत्यूबद्दल चिथावणी मान्य झाल्यास सदोष मनुष्यवध, कलम 105. अमान्य झाल्यास खून, कलम 103.