मॅडमच्या निरोपासाठी सगळ्यांची मिळून एक भेट

नमस्कार मंडळी,

मंगळवारी, ३१ तारखेला आपल्या मॅडम निवृत्त होताहेत, हे सगळ्यांना माहीत आहेच. हा ग्रुप मुद्दामच त्यांना न घेता केलाय, तेव्हा इथलं बोलणं कृपया इथेच राहू द्या.

प्रत्येकाने वेगळं काहीतरी आणण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून त्यांच्या कायम उपयोगी पडेल अशी एकच चांगली वस्तू द्यावी, असं मला वाटतं. माझ्या मनात आहे दुर्बीण. जेवणाच्या सुट्टीत जिन्याजवळच्या खिडकीशी उभ्या राहून त्या पक्षी बघतात आणि डायरीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवतात, हे आपण सगळेच बघत आलोय. रिटायर झाल्यावर भरपूर पक्षी बघायचे, असं त्या स्वतःच म्हणतात. पण इतकी वर्षं सगळं नुसत्या डोळ्यांनीच चाललंय.

थोडी चौकशी केली. पक्षी बघायला ८ × ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली दुर्बीण सोयीची पडते. त्याहून जास्त मोठं दाखवणारी घेतली तर हात हलला की चित्रही हलतं. शिवाय मॅडमना चष्मा आहे, त्यामुळे चष्म्यावरूनही पूर्ण चित्र दिसेल अशीच घ्यावी लागेल. ते मी नीट तपासून घेईन. सोबत सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड.

यापेक्षा चांगलं काही कुणाला सुचत असेल तर शनिवार, १४ तारखेपर्यंत जरूर सांगा. अगदी मोकळेपणाने.

वर्गणीची रक्कम मुद्दामच ठरवलेली नाही. ज्याला जेवढं सोयीचं असेल तेवढं द्यावं. शुक्रवार, २० तारखेला संध्याकाळपर्यंत माझ्या याच नंबरवर पाठवा आणि पाठवताना ‘दुर्बीण’ एवढं लिहा, म्हणजे हिशेबात गोंधळ होणार नाही. रोख द्यायचे असतील तर माझ्या टेबलाशी या. वस्तू मागवून हातात यायला आठवडा तरी लागेल आणि आल्यावर एकदा उघडून बघायलाही हवी, म्हणून २० च्या पुढे थांबणं कठीण आहे.

कुणी किती दिले हे माझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही. एकूण जमा आणि खरेदीची पावती मात्र इथे टाकेन. पैसे उरले तर पक्षी ओळखायचं एखादं सचित्र पुस्तक घेऊ. कमी पडले तर थोडी साधी दुर्बीण घेऊ, पुन्हा कुणाकडे मागणार नाही. आणि या महिन्यात कुणाला जमत नसेल तर अजिबात संकोच नको, कारणही सांगायला नको. कार्डवर सही सगळ्यांची हवीच.

कार्ड सोमवारपासून माझ्या खणात असेल. मॅडम जागेवर नसतील तेव्हा येऊन दोन ओळी लिहून जा. जे बदली होऊन गेलेत त्यांनी मला मजकूर पाठवा, मी त्यांच्या नावाने लिहीन.

काही शंका असेल तर इथे विचारा, नाहीतर सरळ फोन करा. धन्यवाद 🙏