तीन वाजताची ताटं

रातराणीच्या कंडक्टरला हॉटेलात जेवण फुकट असतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते कुठं बसून, हे कुणी विचारत नाही. कराडच्या अलीकडच्या त्या हॉटेलात आमचं बाकडं आत होतं, भटारखाना आणि मोरीच्या मधोमध. एका कानात फोडणीचा चर्रकन आवाज, दुसऱ्या कानात ताटांची आदळआपट. कोल्हापूरहून मुंबईला जाताना रात्री अकराच्या आसपास, परतताना पहाटे तीनला. अठ्ठावीस वर्षं मी त्या बाकड्यावर जेवलो. सदाची गोष्ट मला माहीत आहे ती अशी, खेपेला अर्ध्या अर्ध्या तासाची.

१९९१च्या पावसाळ्यात तो मोरीत आला. माण तालुक्यातला, सोळा-सतराचा, महिना साडेतीनशे आणि दोन वेळचं जेवण. रात्री आठ ते पहाटे पाच. राख, नारळाची शेंडी आणि थंड पाणी. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यानं मला पाणी आणून दिलं तेव्हा ग्लासाभोवतीची बोटं दिसली. चिखल्यांनी पांढरीफटक, बेचक्यात सोललेली. मी बॅगेतली व्हॅसलिनची डबी दिली. त्यानं ती परत केली. म्हणाला, "ताटं निसटत्यात मास्तर."

तिथला अख्खा मसूर प्रसिद्ध होता. करायचे बापू वस्ताद. उंचीला बेताचे, पण हात असा की एका तळव्यावर दोन रोट्या मावतील. मापं सगळी मुठीची. मीठ दोन मुठी, तिखट अडीच. कुणी विचारलं की म्हणायचे, "हातात असतं ते." हे सांगताना हात मात्र पाठीमागं घ्यायचे.

एका पहाटे मी रोटी मोडत होतो तेव्हा सदा मोरीतून पुटपुटला, "मास्तर, तुमी बी ठेवला का?"

"काय?"

"मसूर. अकराच्या गाडीची ताटं चाटूनपुसून येत्यात. तीनच्या गाडीची अर्धी भरलेली. रोटी कांद्यासंगं खाऊन उठत्यात लोकं."

त्यानं सांगितल्यावर मग जिभेलाही कळलं. मसूर आटला की वरून पाणी पडायचं, पाणी पडलं की वस्ताद अंदाजानं पुन्हा मीठ टाकायचे, परत आटायचा. तीनला खारट चिखल. हे बापू वस्तादांना कळलं नव्हतं, कारण ते बाराला जेवून कट्ट्यावर आडवे व्हायचे. सगळ्या हॉटेलात ते माहीत होतं फक्त खरकटं काढणाऱ्या पोराला.

त्यानं ते वस्तादांना सांगितलं. वस्तादांनी डाव फेकून मारला. भुवईवर खोक पडली, ती अजून आहे. मी तिथं असतो तर मधे पडलो असतो असं मला वाटतं, पण माणूस स्वतःबद्दल असं काहीही म्हणतो.

मोरीतून कांद्यावर यायला त्याला सहा वर्षं लागली. सहा! आमच्याकडं बदली ड्रायव्हर एवढ्या वर्षांत कायम होऊन कर्ज काढून घर बांधतो. कांदा म्हणजे रात्रीला अर्धं पोतं, बारीक चिरून. मग भट्टीवर, रोट्या लावायला. उजव्या हाताचे केस कायमचे गेले. मधे लग्न झालं, मुलगी झाली, ते मला पेढ्यावरून कळलं. महामार्ग चौपदरी झाला, डिव्हायडरमुळं हॉटेल पलीकडं राहिलं, तरी येताना आमचा ड्रायव्हर शिव्या घालत पुलाखालून वळसा घ्यायचा. माझी तिकिटांची पेटी आणि चिमटा जाऊन मशीन आलं. सदा अजून भट्टीवरच.

पण तीन वाजता तो मोरीत डोकावायचा. काही बोलायचा नाही. ताटांच्या चळतीकडं बघायचा आणि परत रोटीला लागायचा.

पुढं बापू वस्तादांच्या हाताला कंप सुटला. मीठ मुठीतून सांडायला लागलं. एका रात्री त्यांनी सदाला हाक मारली, "टाक दोन मुठी." सदानं टाकल्या. मी तो मसूर खाल्ला, निव्वळ उकडलेला लागला. वस्तादांनी डाव चाटला, मला वाटलं आता परत फेकतात. त्यांनी डाव ठेवला, आपला हात पुढं केला, पालथा नाही, उताणा. "ठेव तुजा."

सदानं आपला तळवा त्यांच्या तळव्यावर ठेवला. वस्तादांची बोटं चारी बाजूंनी बाहेर. भाजल्याचे डाग, अंगठ्याजवळ जुनी कापल्याची रेघ आणि सबंध हात थरथरत होता, त्यामुळं सदाचाही.

"तुला साडेतीन लागतील," वस्ताद म्हणाले. मग थांबून, "आन बारानंतर मीठ नको. गरम पाणी वत नुसतं."

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं ते. कबुलीजबाब म्हणा हवं तर. सदा "बरं" म्हणाला आणि भट्टीकडं गेला, रोटी जळत होती.

वस्ताद गेल्यावर मालकांनी दुसरा आचारी आणला, पुण्याचा. टोपी घालायचा. त्यानं मसुरात मलई घातली. मला नावं ठेवायची नाहीत, मुंबईकडच्या लोकांना आवडायचं ते. दोन वर्षांनी तो जास्त पगारावर दुसरीकडं गेला. त्याच्यानंतर कोण, हे मालकांनी कधी जाहीर केलं नाही, पगार तेवढा वाढवला. मला कळलं ते मोरीतल्या नव्या पोरामुळं. ते बिहारचं होतं, मराठी जेमतेम. त्यानं आत बघून हाक मारली, "वस्ताद, मास्तर आले." मी वळून बघितलं, बापू वस्ताद कुठनं आले म्हणून.

ऑगस्ट २०१९च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमची गाडी त्या हॉटेलापुढंच अडकली. मागंपुढं ट्रकांची रांग. पहिल्या रात्रीच कांदा संपला. सदानं कांद्याशिवायचा मसूर केला, लसूण जास्त घालून, आणि मोठ्या पातेल्यातून ट्रकवाल्यांना वाटला. चांगला झाला नव्हता. त्याला ते माहीत होतं, सारखा म्हणत होता, "कांदा आला की खाऊन बघा."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माझी शेवटची खेप झाली. तीन वाजून दहा मिनिटं. मोरीत आता नळाला गरम पाणी आहे, ते सदानं मालकांशी भांडून घेतलं, आणि पोराच्या हातात रबरी मोजे. सदानं स्वतः ताट वाढलं. मसूर, रोटी, कांदा, लिंबाची फोड. मी बोलत बसलो, पोरांचं, पेन्शनचं. आमची पेन्शन किती आहे ऐकून तो मोठ्यानं हसला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी उठलो.

गाडीपाशी पोचलो तर आठवलं, मशीन बाकड्यावरच राहिलं. परत आत गेलो. सदा मोरीच्या दारात वाकून उभा होता, पाठमोरा. पोरगं माझं ताट हातात घेऊन त्याला दाखवत होतं. चार घास राहिले होते, बोलण्याच्या नादात.

त्यानं बोट बुडवून चाटलं. मग मला बघितलं.

"मीठ बरोबर हाय की, मास्तर," तो म्हणाला. आवाजात तक्रार होती.

ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला. मी ताट त्या पोराच्या हातातून घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं.