तिसऱ्या प्रकरणाबद्दल रेणुकाला पत्र

अंबाजोगाई
12 ऑगस्ट

प्रिय रेणुका,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. पहिल्यांदा खूश होऊन वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. मी जन्मानं अंबाजोगाईचा. मुकुंदराजांच्या समाधीवर लहानपणापासून जात आलोय. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ इथंच रचला गेला असं कुणी म्हटलं की मला आतून बरं वाटतं. त्यामुळे पहिल्या वाचनात तुझी चूक मला दिसली नाही. परीक्षक लातूरचे असोत की नागपूरचे, त्यांना ती लगेच दिसेल.

पान 71 वर तू म्हणतेस : ग्रंथात मराठवाडी बोलीचे बेचाळीस शब्द आणि रूपं आहेत, म्हणून तो अंबाजोगाईत रचला गेला. मी विचारलं, हे शब्द मराठवाडीच कशावरून? त्याचं उत्तर पान 64 च्या तळटीपेत मिळालं : ‘अंबाजोगाईत रचलेल्या ग्रंथात आढळत असल्याने ही रूपे तत्कालीन मराठवाडी मानली आहेत.’ आता दोन्ही पानं शेजारी ठेव. रहिवासी दाखल्याला रेशन कार्ड लागतं आणि रेशन कार्डाला रहिवासी दाखला. तहसीलच्या खिडकीवर असं ऐकलं की आपण चिडतो, आणि प्रबंधात मात्र सात पानांचं अंतर पडलं की खपून जातं.

न्यायशास्त्रात पाच हेत्वाभास सांगितलेत, त्यातला हा साध्यसम. जे सिद्ध करायचं आहे ते जितकं अनिश्चित, तितकाच त्याला दिलेला हेतूही अनिश्चित. इथं दोन्ही विधानं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, म्हणून अन्योन्याश्रयही म्हणता येईल. नाव कुठलंही दे. मुद्दा एवढाच, की तुझा निष्कर्ष खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो खरा असू शकतो. पण या प्रकरणामुळे तो आधीपेक्षा तसूभरही पक्का झालेला नाही.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग कर. तुझी तीच सात पानं घे, ‘अंबाजोगाई’ खोडून तिथं विदर्भातला दुसरा दावेदार ‘अंभोरा’ लिही आणि ‘मराठवाडी’ खोडून ‘झाडीबोली’. भंडाऱ्याकडची एखादी मुलगी ही पानं जशीच्या तशी आपल्या प्रबंधात घालू शकेल. दोन्ही बाजूंना सारख्याच सोयीचा पुरावा कुणाच्याच कामाचा नसतो.

हाच दोष नदीच्या परिच्छेदातही शिरलाय. ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख आहे. अंभोऱ्याच्या बाजूचे लोक म्हणतात ही वैनगंगा, आणि अंभोरा तिच्याच काठी आहे. तू लिहितेस, कवी अंबाजोगाईचा असल्यामुळे ही नदी इथलीच असली पाहिजे. जे नाव तुझ्या विरुद्ध जातं त्याला तू निष्कर्षाच्याच बळावर गप्प केलंस! ग्रंथात येणाऱ्या जैत्रपाळ राजाचंही तेच. तो देवगिरीचा जैतुगी, कारण ग्रंथ मराठवाड्यातला, असं तू म्हणतेस. पण ग्रंथ त्याला नृसिंहाच्या बल्लाळाचा मुलगा म्हणतो, आणि यादव जैतुगीचा बाप भिल्लम. जैत्रपाळ खेरळ्याचा राजा मानणारेही आहेत. ही अडचण तळटीपेत न लपवता मजकुरात आण. आपल्या विरुद्धचा पुरावा आपणच आधी मांडला की परीक्षकाचा अर्धा जोर तिथंच ओसरतो, हा माझा अनुभव.

आता दुरुस्ती. सगळं फाडायची गरज नाही. बेचाळीस शब्द गोळा करण्याचं काम चांगलं झालंय, फक्त त्यांना बाहेरचा आधार हवा.

बाहेरचा म्हणजे ज्याची जागा ‘विवेकसिंधु’वर अवलंबून नाही असा. कोरीव लेख घे. पोथी गावोगाव फिरते, दगड सहसा जागेवरच राहतो. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’मधून मराठवाड्यातले यादवकालीन लेख वेगळे काढ, विदर्भातले वेगळे काढ, आणि पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख तिसऱ्या ढिगात तुलनेला ठेव. आपल्या गावातले खोलेश्वराचे लेख घेऊ नकोस. ते संस्कृतात आहेत, बोलीसाठी उपयोगाचे नाहीत. मग यादीतल्या प्रत्येक रूपाला एकच प्रश्न विचार : हे मराठवाड्यातल्या लेखांत आहे आणि विदर्भातल्या लेखांत नाही, असं दाखवता येतं का? लेख थोडे आणि आखूड आहेत, त्यामुळे बहुतेक शब्द गळतील. गळू देत. चार टिकले तरी तुझं प्रकरण उभं राहील.

आजची बोली मात्र पुराव्याला आणू नकोस. पान 68 वर तू ‘करायलाय’, ‘जायलाय’ आणलंस. मोंढ्यात आज कुणी ‘काय करायलास’ म्हणतो, म्हणून आठशे वर्षांपूर्वी म्हणत होते असं होत नाही.

यातली खरी मेख हस्तलिखितांची आहे, आणि तिच्याबद्दल तुझ्या प्रकरणात अवाक्षर नाही. ग्रंथ स्वतःचा काळ शके 1110, म्हणजे इ. स. 1188 सांगतो, पण आपल्या हाती आहेत त्या नंतरच्या नकला. नक्कल करणारा भाषा बदलतो, कधी नकळत, कधी समजून. ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले होते की एकनाथांना शके 1506 मध्ये ती शुद्ध करावी लागली. मग तुझी रूपं मुकुंदराजांची की लेखकुंची? यावर एक चाळणी आहे : जी रूपं यमकात अडकलेली आहेत तीच आधी मोज. ओवीच्या शेवटचा शब्द बदलला की यमक मोडतं, म्हणून तिथं लेखकूचा हात जरा आखडतो. शिवाय एकाहून जास्त प्रतींत सारखं असलेलंच रूप धर.

‘मग रचनास्थळ गृहीत धरायचंच नाही का?’ असं तू विचारशील. धर, पण उघडपणे, आणि हरण्याची तयारी ठेवून. उदाहरणादाखल सुरुवात अशी होऊ शकते :

‘ग्रंथ अंबाजोगाईत रचला गेला असे तात्पुरते मानल्यास, यमकातील रूपे मराठवाड्यातील कोरीव लेखांशी विदर्भातील लेखांपेक्षा अधिक जुळावीत. तशी ती न जुळल्यास हे गृहीतक सोडावे लागेल. मराठवाडी रूप कोणते, हे या प्रकरणात केवळ कोरीव लेखांवरून ठरवले असून त्यासाठी विवेकसिंधूचा आधार घेतलेला नाही.’

शेवटचं वाक्य रुक्ष वाटेल, पण तेच चक्र तोडतं. पान 64 ची तळटीप काढून टाक.

आणि समजा, तुलनेतून काहीच ठरलं नाही, तर तसंच लिही : भाषेवरून स्थळ ठरत नाही, समाधीची परंपरा अंबाजोगाईकडे बोट दाखवते, नदीचं नाव अंभोऱ्याकडे. समाधीवरही फार भार टाकू नकोस. माणूस कुठं विसावला हे ती सांगेल, कुठं लिहायला बसला हे नाही. हे लिहिताना माझाही हात जड होतोय.

प्रकरण चार आत्ता पाठवू नकोस, ते सगळं तिसऱ्यावर उभं आहे. यादीत प्रत्येक रूपापुढे तीन रकाने कर : यमकात आहे का, किती प्रतींत आहे, कुठल्या कोरीव लेखात सापडलं. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं ये, दुपारपर्यंत निम्मी यादी उरकेल. जेवायला इथंच थांब, काकूंनी आठवणीनं सांगायला लावलंय. चष्मा बदलल्यापासून फोनवर वाचणं होत नाही, तेव्हा कागद छापूनच आण.

तुझे
सर