दिवाळीच्या शुभेच्छा आणि ऑफर, लालबागच्या दुकानातून

(दुकानात, काउंटरमागे उभं राहून)

नमस्कार मंडळी, सगळ्यांना दिवाळीच्या खूप खूप शुभेच्छा! आज आधी थँक्यू म्हणायचंय, ऑफर नंतर सांगतो. सोन्याचा भाव एवढा चढलाय की दुकानात पाऊल टाकायच्या आधी माणूस चार वेळा विचार करतो, हे मला रोज दिसतं, तरी तुम्ही आलात, कोणी मुलीच्या लग्नासाठी तोडे केले, कोणी बारशाला फक्त चांदीचे वाळे नेले, आणि माझ्यासाठी ती दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच आहेत. माझ्या वडिलांकडून मंगळसूत्र केलेल्या काकू आता सुनेला घेऊन येतात, यापेक्षा मोठं काय असतं सांगा.

(ठुशी हातात घेऊन)

आता ऑफर. भाव काही माझ्या हातात नाही, पण घडणावळ माझ्या हातात आहे, म्हणून वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सोन्याच्या सगळ्या दागिन्यांच्या घडणावळीवर 25 टक्के सूट. ही ठुशी, वज्रटीक, मोहनमाळ, पाटल्या, सगळं त्यात आलं. आपल्याकडचंच जुनं सोनं बदलायचं असेल तर घट धरणार नाही, त्या दिवसाचा पूर्ण भाव, फक्त जुनं बिल शोधून आणा प्लीज. बाहेरचं असेल तर तुमच्यासमोर मशीनवर तपासू, जेवढं शुद्ध निघेल तेवढ्याचे पैसे.

आणि ज्यांना धनत्रयोदशीला घ्यायचंय त्यांनी आत्ताच थोडे पैसे भरून बुकिंग करा, बुकिंगच्या दिवशीचा आणि धनत्रयोदशीचा, जो भाव कमी असेल तो लावेन. बजेट छोटं असेल तर अर्ध्या ग्रॅमचं वेढणं आहे, चांदीचं निरांजन, करंडा, लक्ष्मीचं नाणं आहे, लाजू नका, मुहूर्ताला एवढं घेतलं तरी खूप झालं.

(दागिन्यावरचा शिक्का जवळून दाखवत)

एक गोष्ट मात्र कुठूनही घेतलंत तरी बघा. 22 कॅरेटवर 916 आणि सहा अक्षरी एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की दागिन्याची माहिती येते, काउंटरवरच चेक करा, मला अजिबात राग येणार नाही उलट बरंच वाटेल. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, पण मी बिलावर वजन आणि कॅरेट लिहूनच देतो.

मंगळसूत्र गाठवून आणि दागिने पॉलिश करून फ्री देतोय, ते धनत्रयोदशीच्या आधी टाका कारण नंतर कारागीर गावाला जातात.

चिवडा गल्लीपासून दोन मिनिटांवर, बोर्ड मागे दिसतोयच. धनत्रयोदशीला रात्री दहापर्यंत चालू, लक्ष्मीपूजनाला दुपारी तीनपर्यंतच, पाडव्याला सकाळी नऊपासून. या सगळ्यांनी, आजीआजोबांना पण घेऊन या, बसायला खुर्च्या आहेत आणि फराळ घरचा आहे. शुभ दीपावली!