राज्यघटनेचा पेपर: तुझ्या फोटोवरून काढलेला आठ आठवड्यांचा प्लॅन

अरे तू पाठवलेला अभ्यासक्रमाचा फोटो झूम करकरून वाचला, कागद घडीवर फाटलाय पण जवळजवळ सगळं लागलं. चार युनिट आहेत, एकूण ६० तास. पहिल्याला १२, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १६, आणि चौथ्याचा आकडा ट्यूबलाइटच्या चमकेत गेलाय, पण बेरीज केली तर १४ च उरतात. पुस्तकांची यादी फोटोत खाली आहे, त्यातलं पुस्तक १ म्हणजे तुझ्याकडे आहे तेच, आणि पुस्तक २ म्हणजे मूळ संविधानाची मराठी प्रत. सातपूरची फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर रोज तासभरच वाचून होईल असं धरलंय, सुट्टीच्या दिवशी जास्त.

आठवडा १: युनिट १, घटना समिती. ९ डिसेंबर १९४६ ची पहिली बैठक, २९ ऑगस्ट १९४७ ची मसुदा समिती, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकार, २६ जानेवारी १९५० पासून अंमल. पुस्तक १ मधलं प्रकरण १ आणि २. तारखा घोकू नकोस, कशानंतर काय झालं ते स्वतःच्या शब्दांत लिही, मग आपोआप बसतात.

आठवडा २: सरनामा आणि घटनेची वैशिष्ट्यं, प्रकरण ३. सरनामा मूळ प्रतीतूनच वाच, एकच पान आहे. समाजवादी, धर्मनिरपेक्ष, एकात्मता हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले, त्यावर टीप येऊ शकते.

आठवडा ३ आणि ४: युनिट २, मूलभूत हक्क, प्रकरण ४ आणि ५. इथे मुद्दाम दोन आठवडे दिलेत कारण सगळ्यात जास्त तास याच युनिटला आहेत. तिसऱ्या आठवड्यात कलम १४ ते १८, मग १९ ते २२. चौथ्यात २३ ते ३०, आणि शेवटी ३२, ते नीट कर. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं ते याच कलमामुळे, आणि त्यासाठी कोर्ट काढतं ते आदेश म्हणजे प्राधिलेख पाच आहेत, पाचही उदाहरणासकट यायला हवेत.
कलम १७ वाचताना जरा थांब. अस्पृश्यता नष्ट केली, एवढंच वाक्य वाटतं, पण आपल्या पंचवटीत काळाराम मंदिरात नुसतं आत जाता यावं म्हणून २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला होता, आणि येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. त्या लढ्याचे नेते बाबासाहेब पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, मग हे कलम कोरडं राहतच नाही. उत्तरात दोन ओळी यावरच लिही, मनापासून सांगते.

आठवडा ५: मार्गदर्शक तत्त्वं कलम ३६ ते ५१ आणि कर्तव्यं ५१क, प्रकरण ६. हा हलका आठवडा आहे. कर्तव्यं आधी दहा होती, अकरावं २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलं. हक्क आणि तत्त्वं यातला फरक तक्त्यात लिहून काढ, कोर्टात दाद मागता येते की नाही हा मुद्दा सगळ्यात वर.

आठवडा ६: युनिट ३ अख्खं. राष्ट्रपती, संसद, मंत्रिमंडळ, राज्यपाल, न्यायालय, प्रकरण ७ ते ९. वाचायला खूप आहे, त्यामुळे सुट्टीचा अख्खा दिवस यालाच दे. लोकसभा आणि राज्यसभेची तुलना आणि धन विधेयक पक्कं कर. आणीबाणीची ३५२, ३५६, ३६० याच आठवड्यात उरकून टाक. राज्यपालावर फार वेळ घालवू नकोस.

आठवडा ७: युनिट ४, प्रकरण १० आणि ११. कलम ३६८ आधी, मग १९७३ चा केशवानंद भारती खटला. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, आणि संसद दुरुस्ती करू शकते पण मूलभूत चौकट मोडू शकत नाही, हे कळलं की अर्धं युनिट झालं समज. पुढे ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती: पंचायती आणि नगरपालिका, दोन्ही १९९२ च्या, अंमल १९९३ पासून. जिल्हा परिषद आणि आपली महानगरपालिका डोळ्यासमोर ठेवून वाच, अकराव्या अनुसूचीत २९ विषय, बाराव्यात १८.

आठवडा ८: नवीन काही वाचायचं नाही. रोज एक मोठं उत्तर घड्याळ लावून लिही, आधी युनिट २ ची, मग ३ ची. कलमांचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून डब्याच्या पिशवीत ठेव, चहाच्या सुट्टीत एकदा नजर टाकलीस तरी पुरे. आणि शनिवारी रात्री फोन कर, दोन उत्तरं वाचून दाखव, कुठे कच्चं आहे ते मी तिथेच सांगते.