जात्याचा आवाज

गाडीत बसलेल्या माणसाने दार कसे ओढून घेतले, यावरून गाणे ठरवायचे, ही सदाशिवची बावीस वर्षांची सवय होती. रात्री आठ वाजता परळच्या स्टँडवर दिवसपाळीवाल्याकडून काळी-पिवळी ताब्यात घेतली की तो आधी काच पुसायचा आणि मग आपला पेनड्राइव्ह लावायचा. त्यात अभंग होते, लावण्या होत्या, कोळीगीते होती, नुसती बासरीही होती. काय लावायचे हे मात्र भाडे बसल्याशिवाय तो कधीच ठरवत नसे.

जुलैतल्या त्या रात्री पहिले दार धाडकन आपटले. सीएच्या परीक्षेत पास झालेला एक मुलगा आणि त्याचे दोन मित्र दादरहून वरळी सी फेसला निघाले होते. त्यांना ढोलकी हवी होती हे ओळखायला फारसे कसब लागत नव्हते. दहाच्या सुमारास पाळी संपवून निघालेल्या एका परिचारिकेने दार दोनदा ओढले, तरी ते नीट लागले नाही, इतकी ती थकलेली होती. सदाशिवने बासरी अगदी बारीक आवाजात लावली आणि शिवडी येईपर्यंत ती खिडकीला डोके टेकून झोपली.

पावणेतीनला परळच्या एका रुग्णालयाच्या फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ भिजत उभे दिसले. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीतून स्टीलचा डबा, बायकी चपला आणि घडी केलेली शाल डोकावत होती. त्यांनी दार लावलेच नाही. सदाशिवने उतरून ते हळूच लावले, मीटर टाकला आणि चालू असलेले गाणे बंद केले. अशा वेळी गाणे नकोच, हे तो एका चुकीतून शिकला होता. पूर्वी एकदा रडणाऱ्या बाईसाठी त्याने मोठ्या श्रद्धेने अभंग लावला होता आणि ती भायखळ्याला मध्येच उतरून गेली होती. देवावर रुसलेल्या माणसाला देवाचे नाव ऐकवू नये, हे त्याला तेव्हा कळले नव्हते.

"गिरगाव," एवढेच ते म्हणाले. लालबागचा पूल ओलांडल्यावर मात्र त्यांनी विचारले, "तुम्ही गाणं का बंद केलंत?"

"काका, तुम्हाला त्रास होईल, असं वाटलं."

"लावा काहीतरी. घरी गेल्यावर आवाज नाहीच आहे."

सदाशिवचा हात क्षणभर थांबला. पेनड्राइव्हमधले एकही गाणे त्याला या माणसासाठी योग्य वाटेना. अखेर त्याने खिशातला मोबाइल काढून समोर ठेवला आणि आजवर कोणत्याही भाड्याला न ऐकवलेली एक गोष्ट लावली. संगमेश्वरजवळच्या घरात, त्याची आई वारण्याच्या आदल्या वर्षी, ती पहाटे दळायला बसली असताना त्याने ते ध्वनिमुद्रण केले होते. आधी जात्याची घरघर आणि मग तिच्या चिरक्या, मधूनच दम लागणाऱ्या आवाजातली ओवी. माहेरच्या वाटेवर उभ्या असलेल्या भावाला ती घरातल्या माणसांची खुशाली सांगत होती.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. पाऊस टपावर वाजत होता आणि वायपर जात्याच्याच लयीत फिरत असल्यासारखा भासत होता.

"तांदूळ नव्हे हे," ते अचानक म्हणाले. "घरघर वेगळी आहे. नाचणी?"

"नाचणीच, काका."

"आमची ही राजापूरची. लग्न होऊन आली तेव्हा चाळीत जातं आणू म्हणत होती. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होईल म्हणून मी नको म्हटलं." त्यांनी शालीवरून हात फिरवला. "आणायला हवं होतं."

सदाशिवने काहीही उत्तर दिले नाही. अशा वाक्याला उत्तर देणे म्हणजे ते वाक्य हिसकावून घेणे, असे त्याला वाटत असे.

गिरगावातल्या वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली तरी ओवी संपलेली नव्हती. सदाशिवने मीटर बंद केला, इंजिन बंद केले आणि दोघेही तसेच बसून राहिले. शेवटी जाते थांबले आणि आईचा वैतागलेला आवाज आला, "पुरे झालं रे सदा, बंद कर ते, पीठ सांडतंय माझं."

गृहस्थांच्या तोंडून हसू निसटले आणि त्याच हसण्यात त्यांना रडू फुटले. ते पोटभर रडले. मग त्यांनी रात्रीच्या दराचे कोष्टक चष्मा लावून वाचून पैसे मोजून दिले. सदाशिवने तेही मोजूनच घेतले, कारण पैसे नाकारून त्यांना उपकाराखाली ठेवायचे नव्हते.

उतरताना त्यांनी पिशवी छातीशी धरली, दार नीट लागले आहे ना, हे हाताने दाबून पाहिले, आणि वाडीतल्या दिव्याच्या दिशेने चालू लागले.